आकृतीत ‘शिकणं’ कुठं दिसतं?

पत्र: मी कोल्हापुरात नववीत शिकते. शाळेच्या विज्ञान मंडळात मला पाच मिनिटं बोलायचं आहे. विषय आहे ‘लस शरीराला जंतू ओळखायला कशी शिकवते’. मी चार्ट पेपरवर आकृती काढली आहे. दंडावर सुई, आत जंतू, त्यांना खाणाऱ्या पांढऱ्या पेशी, मग वाय आकाराची प्रतिपिंडं आणि शेवटी माणसाभोवती ढाल. ‘लस म्हणजे शरीराची तालीम’ असं वाक्यही तयार केलंय. पण बाई म्हणाल्या, “आकृती छान आहे, पण यात शिकणं कुठं दिसतं?” मला सांगता आलं नाही. आकृतीत काय बदलू आणि कोणत्या क्रमानं बोलू?

उत्तर: बाईंनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. तुझ्या आकृतीत जंतू येतो, लढाई होते आणि ढाल तयार होते. मधे जे घडायला हवं ते घडतच नाही. ते दाखवायचं असेल तर आधी त्या जंतूला नाव दे. नाव नसलेला काटेरी गोळा काढला की लशीत काय होतं, शरीरानं त्याचा कोणता भाग ओळखला, किती दिवस लागले, यातलं काहीच ठामपणे सांगता येत नाही.

आमच्या मते तू हिपॅटायटिस बी घे, म्हणजे रक्तातून पसरणारी ब प्रकारची कावीळ. या लशीत अख्खा विषाणू नसतोच. त्याच्या बाहेरच्या कवचावरचं एकच प्रथिन असतं, तेही यीस्टच्या पेशींकडून तयार करून घेतलेलं. ओळखायची गोष्ट एकच असल्यामुळे आकृती सुटसुटीत होते. शिवाय समोर बसलेल्या बहुतेक मुलांनी ही लस घेतलेली असणार. सरकारी वेळापत्रकात ती जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत देतात आणि पुढं सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लशीतून देतात. बाळाला ती दंडावर देत नाहीत, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात. म्हणून दंड खोड आणि बाळाची मांडी काढ.

मांडी काढलीस की दुसरी मोठी उणीव आपोआप भरून निघेल. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे घरोघरी माहीत असतं. ते अवधाण म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. लशीचं सगळं शिकणं अशाच ग्रंथीत चालतं. सुई टोचलेल्या जागी नाही आणि रक्तातही नाही. मांडीपासून जांघेपर्यंत एक बारीक लसिकावाहिनी काढ आणि तिच्या टोकाला घेवड्याच्या दाण्यासारखी ग्रंथी काढ. तुझ्या सगळ्या आकृतीचं केंद्र ती ग्रंथी आहे. चार्ट पेपरचा निम्मा भाग तिला दे.

आता मापाचं बघू. हिपॅटायटिस बीचा विषाणू साधारण ४२ नॅनोमीटरचा असतो. प्रतिपिंडाचा रेणू सुमारे १० नॅनोमीटरचा. एक सेंटिमीटर म्हणजे १० नॅनोमीटर असं प्रमाण धरलंस तर विषाणू चार सेंटिमीटरचा आणि प्रतिपिंड एक सेंटिमीटरचं येईल. हे दोन्ही कागदावर छान बसतात. पण साधी बी पेशी, म्हणजे पुढं प्रतिपिंडं बनवणारी पांढरी पेशी, सात मायक्रोमीटरची, म्हणजे ७,००० नॅनोमीटरची असते. त्याच प्रमाणात ती सात मीटरची होईल, जवळजवळ वर्गाच्या लांबीएवढी! त्यामुळे पेशी आणि प्रतिपिंडं एकाच मापात दाखवता येत नाहीत. पेशी लहान काढ, तिच्या कडेवर एक भिंगाचं वर्तुळ काढ आणि पृष्ठभागावरचे ग्राहक, म्हणजे ठरावीक आकार पकडणारे रेणू, त्या वर्तुळात मोठे करून दाखव. खाली ‘मापं सारखी नाहीत’ असं स्पष्ट लिही. सात मीटरचा हिशेब भाषणात एका वाक्यात सांगितलास तरी मुलं ताठ बसतील.

आता मूळ मुद्दा. लस एखाद्या कोऱ्या पेशीला काही शिकवत नाही. तो जंतू ओळखू शकणारी पेशी लस येण्याआधीच शरीरात असते. प्रत्येक बी पेशी तयार होताना तिच्या ग्राहकाची जनुकं आपापसांत पत्त्यांसारखी पिसली जातात आणि त्या पेशीच्या वाट्याला एक स्वतःचा आकार येतो. कुठला जंतू पुढं भेटणार आहे याचा तिथं काहीच संबंध नसतो. असे कोट्यवधी वेगवेगळे आकार शरीरात फिरत असतात. हिपॅटायटिस बीच्या प्रथिनाशी जुळणाऱ्या पेशी त्यांत फारच थोड्या, लाखात एखादी. लशीचं काम त्या थोड्यांना निवडून वाढवण्याचं. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ साली मांडलेली कल्पना हीच होती.

म्हणून आकृती अशी काढ. ग्रंथीच्या पहिल्या चित्रात, लस येण्याआधीच, बारा बी पेशी काढ. प्रत्येकीच्या ग्राहकाचं टोक वेगळं असू दे: गोल, चौकोनी, नागमोडी, दातेरी. बारांपैकी एकीलाच व्ही आकाराची खाच दे आणि तिला केशरी रंग दे. बाकीच्या करड्या. लशीतल्या प्रथिनाला याच खाचेत बसणारं त्रिकोणी टोक काढ. पुढच्या प्रत्येक चित्रात केशरी पेशी, तीच खाच. पाहणाऱ्यानं बोट ठेवून ती खाच पहिल्या चित्रापासून शेवटपर्यंत शोधली तर ती कुठंही तुटता कामा नये. बाईंना हवं असलेलं शिकणं तिथंच दिसेल: पहिल्या चित्रात बारांत एक केशरी, शेवटच्या चित्रात बारांत सात-आठ.

तुझं तालमीचं वाक्य थोडं बदललंस तर आम्हाला आवडेल. तालमीत तोच पैलवान रोज जोर-बैठका मारून तगडा होतो. शरीरात तसं होत नाही. वस्तादानं आखाड्यातल्या सगळ्यांमधून नेमका तोच डाव येणारा एक गडी हेरला आणि त्याच्यासारखे हजार उभे केले, असं म्हटलंस तर ते खऱ्याच्या जवळ जाईल. पैलवानाचे हजार पैलवान होत नाहीत, पेशीच्या होतात. इथं उपमा संपते हेही सांगून टाक.

पहिल्या आणि शेवटच्या चित्राच्या मधे काय घडतं ते तीन टप्प्यांत पुरेसं आहे. लशीच्या अर्ध्या मिलिलिटरमधे ते प्रथिन ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या कणांना चिकटवलेलं असतं. या क्षारामुळे त्या जागी धोक्याचा इशारा जातो. हा इशारा नसेल तर नुसतं शुद्ध प्रथिन शरीर फारसं मनावर घेत नाही. लस टोचलेल्या जागी जी दुखरी सूज येते तिचा संबंध याच्याशी आहे. इशारा मिळाल्यावर डेंड्रायटिक पेशी, म्हणजे फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी, ते प्रथिन गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे पृष्ठभागावर मांडून लसिकावाहिनीनं ग्रंथीत जातात. तुझ्या आकृतीतल्या ‘खाणाऱ्या पांढऱ्या पेशी’ खोडू नकोस, पण त्यांचं काम खाऊन संपवणं एवढंच नाही. तुकडे घेऊन त्या ग्रंथीकडे निघाल्या आहेत असा बाण काढ.

ग्रंथीत दोन वेगळ्या ओळखी व्हाव्या लागतात, आणि बहुतेक आकृत्या इथंच चुकतात. मदतनीस टी पेशी, म्हणजे दुसऱ्या प्रकारची पांढरी पेशी, अख्खं प्रथिन ओळखत नाही. तिला डेंड्रायटिक पेशीनं मांडलेला लहानसा तुकडा दिसतो. बी पेशी मात्र अख्ख्या प्रथिनाचं बाहेरचं टोक पकडते. म्हणून टी पेशीच्या ग्राहकापुढं त्रिकोण काढू नकोस, चार-पाच मण्यांची छोटी माळ काढ. केशरी बी पेशी त्रिकोण पकडून प्रथिन आत ओढते, त्याचे तुकडे करते आणि तीच माळ टी पेशीला दाखवते. टी पेशीनं माळ ओळखली तरच ती बी पेशीला वाढायचा हुकूम देते. दोघींची सही लागते म्हणून स्वतःच्याच शरीराला चुकून चिकटणारी बी पेशी सहसा एकटी वाढू शकत नाही.

हुकूम मिळाला की केशरी पेशी दुभंगायला लागते. दिवसातून दोनदा दुभंगली असं धरलं तर पाच दिवसांत दहा वेळा दुभंगेल, म्हणजे एकीच्या १,०२४ होतील. हा हिशेब फळ्यावर मुलांकडूनच करून घे: दोन, चार, आठ… शरीराला पहिल्यांदा आठवडाभर का लागतो ते त्यांना आपणहून कळेल. यातल्या काही पेशी प्लाझ्मा पेशी होतात आणि सेकंदाला हजारांच्या घरात प्रतिपिंडं सोडतात. काही ग्रंथीतच दाट वस्ती करून राहतात. तिथं दुभंगताना ग्राहकाच्या जनुकात मुद्दाम बारीक बदल होतात. बहुतेक बदल बिघडवणारे निघतात आणि त्या पेशी मरतात. ज्यांची खाच त्रिकोणावर आणखी घट्ट बसते त्याच टिकतात. हे तासाभराचं काम नाही, त्याला आठवडे लागतात. दोन डोसांमधे महिन्याभराचं अंतर ठेवण्याचं एक मोठं कारण हेच आहे: पुढचा डोस येतो तेव्हा निवडून निघालेल्या, घट्ट पकड असलेल्या पेशी तयार असतात. आकृतीत हे दाखवायला शेवटच्या चित्रातली खाच पहिल्यापेक्षा किंचित खोल काढ, एवढं पुरे.

शेवटी ढालीच्या जागी दोन गोष्टी काढ. हाडाच्या मगजात बसलेल्या थोड्या प्लाझ्मा पेशी, ज्या वर्षानुवर्षं थोडी थोडी प्रतिपिंडं सोडत राहतात, आणि स्मृतिपेशी, म्हणजे त्याच केशरी पेशींपैकी ज्या काहीच न सोडता फिरत राहतात आणि तोच त्रिकोण पुन्हा भेटला की लगेच वाढू लागतात. ढाल आम्ही का खोडायला सांगतो? कारण ती ‘सगळ्यापासून संरक्षण’ असं सांगते. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली होती. ती हिपॅटायटिस ईची, दूषित पाण्यातून पसरलेली. तोही विषाणू यकृतावरच जातो, डोळे तितकेच पिवळे होतात, आणि लोक दोन्हींना कावीळच म्हणतात. पण त्याच्या कवचावर तुझा त्रिकोण नाही. हिपॅटायटिस बीच्या लशीनं वाढवलेल्या केशरी पेशींना तो दिसणारच नाही. भाषणात हे उदाहरण नक्की घे. ओळख किती नेमकी असते हे आपल्या जिल्ह्यातल्या श्रोत्यांना याहून चांगलं कशानंच पटणार नाही.

प्रतिपिंड काढताना त्याची दोन वरची टोकं विषाणूला चिकटलेली हवीत आणि दांडा बाहेर. कित्येक तक्त्यांवर वाय उलटा चिकटवलेला असतो. आणि प्रतिपिंड विषाणूला ‘मारतं’ असं लिहू नकोस. ते कवच झाकून टाकतं, म्हणून विषाणूला यकृताच्या पेशीवर बसता येत नाही, आणि बाहेर राहिलेला दांडा पकडून भक्षक पेशी तो गठ्ठा गिळतात. विषाणू एकदा यकृताच्या पेशीत शिरला की प्रतिपिंडाचा हात तिथं पोचत नाही.

आता आलेख. चार्टच्या खालच्या पट्टीत आडव्या अक्षावर आठवडे आणि उभ्या अक्षावर रक्तातली प्रतिपिंडं घे. पहिल्या डोसनंतर रेघ आठवडाभर सपाट, मग एक बुटकी टेकडी आणि पुन्हा उतार. पुढच्या डोसनंतर चढ काही दिवसांतच सुरू होतो, टेकडी कितीतरी उंच होते आणि उतार सावकाश. उभ्या अक्षावर आकडे भरू नकोस, कारण प्रत्येक बाळात ते वेगळे येतात. मात्र १० वर एक तुटक रेघ मार. पूर्ण डोस झाल्यावर रक्ताच्या मिलिलिटरमधे १० मिली-आंतरराष्ट्रीय एककं किंवा जास्त प्रतिपिंडं असली की माणूस सुरक्षित मानला जातो.

ही तुटक रेघ तुला एका अवघड प्रश्नापर्यंत नेईल, आणि तो कुणीतरी विचारणारच: “प्रतिपिंडं कमी झाली की लस संपली का?” एक उदाहरण घेऊन उत्तर दे. समजा, बाळपणी सगळे डोस झालेली एकोणीस वर्षांची नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. तपासणीत तिचा आकडा ४ आला, म्हणजे रेघेच्या खाली. तिला एक डोस देऊन महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर बहुतेक वेळा आकडा एकदम वर गेलेला दिसतो. एका डोसनं इतकी उडी कोऱ्या शरीरात सहसा येत नाही. याचा अर्थ प्रतिपिंडं ओसरली होती, पण स्मृतिपेशी होत्या. आणि खरा विषाणू आला तरी त्यांना वेळ मिळतो, कारण हिपॅटायटिस बीला शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत एक ते सहा महिने लागतात. स्मृतिपेशींना काही दिवस पुरतात. (प्रत्यक्षात संशयित सुई टोचली तर स्मृतीवर भरवसा ठेवून बसायचं नाही, लगेच डॉक्टरांकडे जायचं; हेही एका वाक्यात सांग.)

सगळ्या लशींना हे लागू होत नाही, आणि इथं थोडं थांबून धनुर्वाताशी तुलना कर. तिथं जंतू बनवतो ते विष इतकं जहाल असतं की जीव घ्यायला पुरणारी मात्राही स्मृतिपेशींना जागं करायला अपुरी पडते. शिवाय लक्षणं कित्येकदा आठवड्याभरात दिसतात. तिथं स्मृती असून भागत नाही, प्रतिपिंडं रक्तात आधीपासून तयार लागतात. म्हणून दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पावरची सुई पुन्हा घ्यावी लागते, तीच जी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाचवीत मिळाली असेल.

पाच मिनिटांची वाटणी सांगतो. अर्धा मिनिट लशीत काय आहे यावर, दोन मिनिटं ग्रंथीवर, एक मिनिट आलेखावर, एक इचलकरंजीच्या उदाहरणावर, आणि अर्धा मिनिट मोकळा ठेव, कारण दुभंगण्याचा हिशेब मुलांकडून करून घेताना वेळ जातोच. नर्सिंगच्या विद्यार्थिनीचं आणि धनुर्वाताचं उत्तर प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेव. मागच्या बाकावरून वाचता येण्यासाठी अक्षरं किमान अडीच सेंटिमीटर उंच काढ आणि चार्टवर वीसपेक्षा जास्त शब्द नकोत. सुरुवात अशी करता येईल:

“तुम्ही जन्मलात त्याच दिवशी तुमच्या मांडीत एका विषाणूचं कवच टोचलं गेलं. विषाणू नाही, फक्त कवचावरचं एक प्रथिन. ही बघा जांघेतली ग्रंथी. यातली ही एक केशरी पेशी लक्षात ठेवा. लस आली तेव्हा ती आधीच इथं होती. पुढची पाच मिनिटं आपण फक्त हिच्या मागं जाणार आहोत.”

यात ‘जन्मलात त्याच दिवशी’ हे सगळ्यांच्या बाबतीत खरं असेलच असं नाही. घरी जन्मलेल्या किंवा उशिरा नोंद झालेल्या बाळाचा तो डोस चुकलेला असू शकतो. ‘बहुतेकांच्या’ असा शब्द घालून घे.

दोन प्रश्नांची तयारी आणखी कर. लस घेऊनही काहींना संरक्षण का मिळत नाही? मोठेपणी तिन्ही डोस घेतलेल्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांत पुरेशी प्रतिपिंडं बनत नाहीत. वाढतं वय, लठ्ठपणा, धूम्रपान आणि मूत्रपिंडाचे जुनाट आजार ही त्याची माहीत असलेली कारणं आहेत. बाळांत हे प्रमाण बरंच कमी असतं. आणि कधी दोष लशीच्या कुपीतच असतो. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असते आणि ती गोठली की वाया जाते. गोठल्यावर ॲल्युमिनियमचे कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात आणि लशीचा जोर जातो. वितळल्यावर कुपी वरवर ठीकठाक दिसते, पण हलवून ठेवली की गोठलेल्या कुपीत पांढरे कण लवकर तळाशी बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं. चांगली कुपी बराच वेळ सारखी गढूळ राहते. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर संशय आला की अशी हलवून बघतात.

दुसरा प्रश्न रक्ततपासणीचा: लस घेतलेला माणूस तपासणीत रोगी दिसेल का? विषाणूच्या आतल्या गाभ्याचं वेगळं प्रथिन असतं आणि ते लशीत नसतं. त्यामुळे फक्त लस घेतलेल्याच्या रक्तात कवचाविरुद्धची प्रतिपिंडं असतात, गाभ्याविरुद्धची नसतात. खरी लागण होऊन गेलेल्याकडे गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडंही सापडतात. हे आकृतीत दाखवायचं असेल तर विषाणूच्या चार सेंटिमीटरच्या वर्तुळाच्या आत एक निळा षट्कोन काढ आणि लशीच्या चित्रात तो नसू दे. प्रश्न आला तर त्या षट्कोनावर बोट ठेवून उत्तर देता येईल.